पहिल्या पावसातली पाखरे : पंखवाली मुंगी की वाळवी, हे कसे ओळखावे

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला, की त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ट्यूबलाइटभोवती पाखरांची झुंबड उडते. भिंतीवरच्या पालींची चंगळ होते, जेवणाच्या ताटात पंख पडतात आणि सकाळी केर काढताना खिडकीखाली नुसत्या पंखांचा ढीग निघतो. बहुतेक घरांत या सगळ्यांना सरसकट ‘पंखाच्या मुंग्या’ म्हटले जाते. प्रत्यक्षात त्या ढिगात दोन अगदी वेगळ्या कुळांचे कीटक असू शकतात. एक खरोखरची मुंगी असते आणि दुसरी वाळवी, जिला विदर्भ-मराठवाड्यात उधई म्हणतात. मुंगीचे जवळचे नातेवाईक म्हणजे गांधीलमाशी आणि मधमाशी, तर वाळवीचा जवळचा नातेवाईक झुरळ आहे. पहिल्या पावसाची वेळ आणि दिव्याची ओढ एवढेच या दोघींत सारखे आहे, आणि त्यांच्यातला फरक उघड्या डोळ्यांनी किंवा फार तर एका साध्या भिंगाने ओळखता येतो.

माझी एक मावसबहीण कराडजवळच्या गावात राहते. तिचे घर तळमजल्याचे आणि वीस-बावीस वर्षांचे आहे. एका जूनमध्ये तिचा घाबरून फोन आला. आदल्या रात्री दिवाणखान्यात पाखरे भरली होती आणि सकाळी न्हाणीघराच्या दाराशीही पंख सापडले होते. कीड नियंत्रणाचे काम करणाऱ्या कोणा गृहस्थाने फोनवरच, काहीही न पाहता, ‘सगळ्या घराला वाळवी लागली आहे’ असे सांगून मोठी रक्कम मागितली होती. मी तिला एवढेच सांगितले, की दोन ठिकाणचे पंख आणि पाखरे दोन वेगळ्या डब्यांत भर, डब्यांवर जागा लिही आणि पुण्याला येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठव. त्या दोन डब्यांतून काय निघाले, ते ओघात येईलच.

नमुना कसा गोळा करावा

ओळखीतल्या निम्म्या चुका नमुन्यापाशीच होतात. चपलेने चिरडलेले किंवा झाडूने रगडलेले पाखरू कोणालाही ओळखता येत नाही. म्हणून दिव्याखाली परातीत बोटभर पाणी ठेवावे, पाखरे आपोआप त्यात पडतात. जिवंत पाखरू नीट पाहायचे असेल, तर ते झाकणाच्या डबीत घालून पंधरा-वीस मिनिटे फ्रीजरमध्ये ठेवावे म्हणजे त्याची हालचाल थांबते. जमिनीवरचे सुटे पंख रुंद चिकटपट्टीने उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवले, तर ते उडत नाहीत आणि मोजताही येतात. शाळेची आलेख वही यासाठी उत्तम, कारण तिच्यावर मिलिमीटरचे चौकोन आयतेच आखलेले असतात.

कोणता नमुना कुठे मिळाला, हे त्याच वेळी लिहून ठेवावे. एकदा सगळा केर एका सुपलीत गेला, की पाखरांची जात ओळखता येईल, पण ती बाहेरून आली की घरातून निघाली हे कळायचा मार्ग बंद होतो. आणि खर्चाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच असतो.

पाहण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग असल्यास उत्तम, नसल्यास मोबाइलचा कॅमेरा पुरतो. पाखरू पांढऱ्या कागदावर उताणे ठेवून एकदा आणि पाठीवरून एकदा असे दोन फोटो काढावेत आणि मग ते पडद्यावर मोठे करून पाहावेत. हलत्या पाखराकडे डोळे ताणून पाहण्यापेक्षा फोटोत कंबर आणि मिशा अधिक स्वच्छ दिसतात.

पंख : चारही सारखे की दोन मोठे, दोन लहान

दोन्ही कीटकांना चार-चार पंख असतात. वाळवीचे चारही पंख लांबीने आणि आकाराने जवळजवळ सारखे असतात आणि शरीराच्या मानाने खूपच लांब, साधारण दुप्पट असतात. वाळवी बसली, की हे पंख पाठीवर एकावर एक सपाट पडतात आणि पोटाच्या टोकापलीकडे बरेच बाहेर येतात, जणू लहान मुलाने वडिलांचा सदरा घातला आहे. मुंगीचे पुढचे दोन पंख स्पष्टपणे मोठे आणि मागचे दोन लहान असतात.

हा फरक का पडतो, हे समजले की तो विसरायला होत नाही. मुंगीच्या मागच्या पंखाच्या कडेला अगदी बारीक आकड्यांची एक ओळ असते. उडताना हे आकडे पुढच्या पंखाच्या कडेत अडकतात आणि दोन पंख एकाच पंखासारखे वरखाली होतात. मधमाशी आणि गांधीलमाशी यांचीही रचना हीच आहे. त्यामुळे मागच्या पंखाने मोठे असण्याचे कारण राहत नाही, तो पुढच्याच्या आधाराने चालतो. वाळवीकडे असे आकडे नाहीत. तिचे पंख सुटे फडफडतात आणि म्हणूनच तिचे उडणे लडबडते, वाऱ्यावर वाहत गेल्यासारखे असते. आयुष्यात एकदाच, तेही फार थोडा वेळ उडायचे असल्यामुळे तिचे त्यावाचून अडत नाही.

पंखांवरच्या शिरा हीसुद्धा चांगली खूण आहे. मुंगीच्या पंखावर मोजक्या, ठळक शिरा असतात, त्या एकमेकींना मिळून काही बंद घरे तयार करतात, आणि बहुतेक वेळा पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला एक लहानसा गडद ठिपका दिसतो. वाळवीच्या पंखाला असा ठिपका नसतो. त्याच्या वरच्या कडेजवळ एक-दोन जाडसर शिरा समांतर जातात आणि उरलेल्या पंखावर फिकट, बारीक रेघांचे जाळे असते. पंखांच्या रंगावर मात्र विसंबू नये. वाळवीचे पंख नेहमी दुधी आणि पारदर्शक असतात असे बरेच जण सांगतात. पण वारुळे करणाऱ्या आपल्याकडच्या वाळवीचे पंख धुरकट तपकिरी असतात, आणि अनेक मुंग्यांचे पंख अगदी काचेसारखे स्वच्छ असतात.

आता सुटे पंख. वाळवीच्या पंखाच्या मुळाशी एक आयती मोडरेघ असते. जमिनीवर उतरली, की ती अंग थोडे हलवते, पंख त्या रेघेवर तुटतात आणि मुळाशी लहानसा त्रिकोणी खुंट राहतो. हे काही क्षणांत होते, म्हणून वाळवीचा थवा येऊन गेलेल्या जागी पंखांचा सडा पडतो आणि त्यांच्या मालकिणी मात्र दिसत नाहीत. मुंगीची राणीही मीलनानंतर पंख टाकते, पण तिला ते पायांनी ओढून काढावे लागतात; आणि नर मुंग्या तर पंखांसकटच एक-दोन दिवसांत मरतात. त्यामुळे खिडकीत मेलेली पाखरे पंखांसह पडलेली असतील, तर मुंगीचा संशय आधी घ्यावा. आणि नुसत्या पंखांचा ढीग असेल, तर वाळवीचा. ही केवळ पहिली अटकळ झाली. खात्रीसाठी ढिगातले दहा-बारा अखंड पंख आलेख वहीवर ओळीने मांडावेत. सगळे एकाच मापाचे निघाले तर वाळवी, आणि मोठे व लहान असे सरळ दोन गट पडले तर मुंगी. एखाद्या रात्री दोन्ही कीटक एकाच दिव्याला येतात, तेव्हा तिसरेच माप मधे घुसते. अशा वेळी वर सांगितलेला गडद ठिपका पाहून मुंगीचे पंख आधी बाजूला काढावेत.

कंबर : दुरूनही दिसणारी खूण

पंख गळून गेलेले पाखरू जमिनीवर चालताना सापडले, तर कंबरेकडे पाहावे. मुंगीची छाती आणि पोट यांच्यामध्ये दोऱ्याने आवळल्यासारखा बारीक भाग असतो आणि त्यावर एक किंवा दोन लहान गाठी असतात. आपल्या घरादारात फिरणाऱ्या मोठ्या काळ्या मुंगळ्याला अशी एक गाठ असते. वाळवीला कंबरच नसते. छाती जेवढी रुंद, साधारण तेवढ्याच रुंदीने पोट सुरू होते आणि डोक्यापासून शेवटापर्यंत अंग एखाद्या आखूड वातीसारखे सरळ दिसते.

ही खूण वरून पाहताना कधीकधी फसवते, कारण मिटलेले पंख नेमके कंबरेवर पसरलेले असतात. म्हणून पाखरू उताणे करून किंवा कुशीवर वळवून पाहावे. दुसरी फसगत वाळलेल्या नमुन्यात होते. दोन-तीन दिवस खिडकीत पडून सुकलेल्या वाळवीचे मऊ पोट आक्रसते आणि छातीमागे खोटी कंबर दिसू लागते. असे पाखरू कोमट पाण्यात काही मिनिटे ठेवले, की थोडे फुगून मूळ आकाराच्या जवळ येते. मुंगीचे अंग त्या मानाने कठीण असते, ती सुकली तरी तिचा आकार बदलत नाही.

मिशा : मण्यांची माळ की वाकलेले कोपर

डोक्यावरच्या मिशांना पुस्तकांत शृंगिका म्हणतात. वाळवीची शृंगिका सरळ असते आणि लहान गोल मणी दोऱ्यात ओवावेत तशी दिसते. तिचे सगळे मणी साधारण सारखे असतात. मुंगीच्या शृंगिकेचा पहिला भाग एक लांब दांडी असतो आणि तिच्या टोकाला उरलेला भाग कोपरात वाकवलेल्या हातासारखा काटकोनात वळतो.

इथे एक अपवाद आहे, आणि ओळखीच्या सोप्या तक्त्यांत तो सहसा सांगितलेला नसतो. कोपराची ही खूण राणी मुंगीत आणि कामकरी मुंगीत स्पष्ट असते, पण नर मुंगीत पहिली दांडी बहुधा आखूड असते आणि त्यामुळे तिची शृंगिका जवळजवळ सरळ दिसते. थव्यात नर पुष्कळ असतात. म्हणजे नुसत्या मिशा पाहून निर्णय दिला, तर नर मुंगीला वाळवी ठरवण्याची चूक सहज होते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे : आधी पंख, मग कंबर, आणि शेवटी मिशा. पहिल्या दोहोंचे उत्तर एकच आले आणि मिशांचे वेगळे आले, तर पहिल्या दोहोंवर विश्वास ठेवावा.

नरांवरूनच आणखी एक पाखरू आठवले. रात्री दिव्यावर कधीकधी दोन-अडीच सेंटिमीटर लांबीचे, तांबूस तपकिरी, केसाळ आणि फुगलेल्या पोटाचे एक पाखरू येऊन आपटत राहते. लोक त्याला गांधीलमाशी समजतात, काही जण वाळवीची राणी समजतात. हा जमिनीखाली राहणाऱ्या डोरिलस जातीच्या मुंगीचा नर असतो. त्याचे पोट इतके जाड असते, की कंबर असूनही नजरेत भरत नाही. नर असल्यामुळे त्याला नांगीही नसते. त्याला कागदावर घेऊन बाहेर सोडावे.

ओळख पटली, आता कुठून आली ते शोधावे

समजा, तिन्ही खुणांवरून वाळवी ठरली. तेवढ्याने घराला वाळवी लागल्याचे सिद्ध होत नाही. पंखवाली वाळवी लाकूड खायला निघालेली नसते. ती वसाहतीतून जोडीदार शोधायला आणि नवे घर मांडायला निघालेले नर-मादी असतात. पहिल्या पावसाने माती मऊ होते, हवेत ओलावा असल्याने नाजूक अंग सुकत नाही आणि आसपासच्या अनेक वसाहती एकाच संध्याकाळी पाखरे सोडतात, त्यामुळे वेगवेगळ्या वसाहतींतल्या नर-माद्यांची गाठ पडते. पंख टाकल्यावर मादी पुढे आणि नर तिच्या मागे, अशी जोडी जमिनीवर चालताना दिसते. त्यांना ओली माती मिळाली, तर ती बीळ करून त्यात शिरतात. टाइल्सच्या फरशीवर ही जोडी काही करू शकत नाही. सकाळपर्यंत ती सुकून मरते किंवा पालीच्या पोटात जाते.

म्हणून शेताजवळच्या, झाडीजवळच्या किंवा मोकळ्या माळाजवळच्या घरात उघड्या खिडकीतून दिव्याकडे शेकडो वाळव्या येणे हे जूनमध्ये अगदी नेहमीचे आहे. सातव्या मजल्यावरही त्या वाऱ्याबरोबर येतात. अशा वेळी घरातले दिवे थोडा वेळ मालवावेत, बाहेर एक दिवा लावून त्याखाली पाण्याची परात ठेवावी आणि जाळ्यांच्या फटी पाहाव्यात. थव्यावर फवारा मारू नये. त्याने मरणार ती पाखरे तशीही मरणारच असतात, आणि विषारी फवारा मात्र ओट्यावर, अंथरुणावर बसतो.

काळजी करायची ती पाखरे घरातूनच निघत असतील तर. त्याच्या खुणा अशा : खिडक्या बंद असतानाही पाखरे दिसतात, ती दिव्याभोवती जमण्याआधी चौकटीच्या फटीतून, फरशीच्या सांध्यातून, भिंतीच्या तड्यातून किंवा स्विचबोर्डामागून ओळीने बाहेर पडताना दिसतात, पंखांचा ढीग दिव्याखाली नसून एखाद्या चौकटीच्या पायाशी असतो, आणि त्या जागी ओलसर माती किंवा चिखलाचे बारीक बुजवण दिसते. पंखवाली पिढी काढायला वसाहतीला सहसा काही वर्षे लागतात. म्हणजे भिंतीतून पाखरे निघाली, तर ती वाळवी काल आलेली नाही. घराच्या आत किंवा घराखाली तिचे बस्तान आधीच बसलेले आहे.

आता त्या दोन डब्या. दिवाणखान्याच्या डबीत दोन प्रकारची पाखरे होती. एक मोठी, तपकिरी. तिचे अंग सुमारे बारा मिलिमीटर आणि चारही पंख पंचविसाच्या आसपास, कंबर नाही. ती वाळवी होती. दुसरी लहान, काळी, पंखांसकट मेलेली. तिचा पुढचा पंख दहा मिलिमीटर आणि मागचा सात, बारीक कंबर, पण मिशा जवळजवळ सरळ. ती नर मुंगी. एकाच दिव्याला दोन्ही आली होती, आणि बहिणीच्या म्हणण्याप्रमाणे त्या वेळी खिडक्या उघड्या होत्या.

न्हाणीघराच्या डबीत एकही पाखरू नव्हते, फक्त पंख होते. मी त्यातले वीस अखंड पंख वहीवर मांडले. सगळे दहा-अकरा मिलिमीटरचे, गडद ठिपका एकावरही नाही. म्हणजे हीसुद्धा वाळवीच, पण दिवाणखान्यातल्या वाळवीच्या पंखांच्या निम्म्याहून लहान पंखांची, म्हणजे वेगळ्याच जातीची. दिवाणखान्यातली पाखरे उडत उडत न्हाणीघरापाशी गेली असतील, ही शंका त्यामुळे फिटली. दोन थवे दोन ठिकाणांहून आले होते. मोठी वाळवी बाहेरची होती आणि लहान वाळवी, बहुधा, चौकटीतली. बहिणीचे दिवाणखान्याचे भय निराधार होते, पण ज्या न्हाणीघराकडे तिने ‘थोडे पंख होते’ म्हणून दुर्लक्ष केले होते, तिथे खरी गोष्ट दडली होती.

घरात वाळवी ठरल्यावर काय करावे

पुढच्या आठवड्यात मी तिकडे गेलो. अशा वेळी पहिल्यांदा चौकटीला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळापासून वर ठोकत जावे. भरीव लाकूड घट्ट आवाज देते, पोखरलेले लाकूड पोकळ बोलते. त्या चौकटीचा खालचा दीड फूट पोकळ बोलला, आणि उंबऱ्याजवळ स्क्रूड्रायव्हरचे टोक रंगाच्या थराखाली सहज आत गेले. रंग शाबूत आणि आत लाकूड नाही, ही वाळवीची नेहमीची रीत आहे, कारण ती उजेडाला आणि कोरड्या हवेला बिचकते आणि बाहेरचा पापुद्रा राखून ठेवते.

मग मातीच्या नळ्या शोधाव्यात. जमिनीतली वाळवी मातीशी संपर्क ठेवूनच राहते आणि उघड्यावरून जावे लागले, तर पेन्सिलीएवढ्या जाडीची मातीची झाकलेली वाट बांधते. या वाटा पायऱ्यांखाली, कपाटामागे, पाइपाच्या कडेने आणि जोत्याच्या बाहेरच्या बाजूने पाहाव्यात. नळी सापडली, की सगळी खरवडून टाकायचा मोह आवरावा. मधलाच दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा मोडून तारीख लिहावी आणि काही दिवसांनी पाहावे. तुकडा पुन्हा बांधला गेला असेल, तर वाळवी चालू आहे. बांधला गेला नसेल, तर ती वाट जुनी आणि सोडलेली असू शकते, पण तेवढ्यावर निर्धास्त न होता आणखी दोन-तीन ठिकाणी हीच परीक्षा घ्यावी. बहिणीच्या चौकटीमागची नळी चौथ्या दिवशी पुन्हा जोडलेली होती.

तिसरी गोष्ट म्हणजे ओल. न्हाणीघराच्या नळाचा भिंतीतला सांधा पाझरत होता आणि चौकटीमागची भिंत बाराही महिने दमट राहत होती. ही गळती तशीच ठेवून औषध मारणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे, म्हणून आधी प्लंबर बोलवावा.

औषधाचे काम मात्र स्वतः करू नये. चौकटीवर रॉकेल लावणे किंवा बाजारातला फवारा भोकात सोडणे यांनी समोरची वाळवी मरते आणि मातीतली वसाहत दुसरी वाट काढते. उभ्या इमारतींतील उपचारासाठी भारतीय मानक आय. एस. ६३१३ चा तिसरा भाग आहे. त्याचा गाभा असा, की भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या रेषेवर साधारण ३०० मिलिमीटर, म्हणजे एकेक फूट अंतरावर सुमारे १२ मिलिमीटर व्यासाची भोके खालच्या मातीपर्यंत पाडावीत, त्यांतून औषधाचे मिश्रण मातीत मुरवावे आणि भोके बुजवावीत. लागण झालेल्या चौकटीत बारीक तिरपी भोके पाडून वेगळे औषध सोडतात. उद्देश मातीत सलग औषधी पट्टा तयार करण्याचा असतो. म्हणून काम बघायला आलेल्या माणसाला तीन प्रश्न जरूर विचारावेत : भोके किती अंतरावर पाडणार, कोणते औषध किती तीव्रतेचे वापरणार आणि कीटकनाशक कायद्याखालचा परवाना दाखवता का. जो माणूस भोके न पाडता नुसते स्कर्टिंगवर फवारून देतो म्हणतो, तो मुंग्या-झुरळांचे काम करतो आहे. घराजवळ विहीर, बोअरवेल किंवा जमिनीतली पाण्याची टाकी असेल, तर ते आधीच सांगावे आणि तिथे काय काळजी घेणार हे लेखी घ्यावे.

माती नाही, तरी वाळवी : कोरड्या लाकडातली

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट पट्ट्यात एक वेगळी वाळवी आढळते. ती मातीशी संबंध न ठेवता थेट सुक्या लाकडात राहते आणि चिखलाच्या नळ्या बांधत नाही. तिची पाखरे थोडीच निघतात, कधी दहा-वीसच, आणि ती पहिल्या पावसाची वाट पाहतीलच असे नाही. हिची खात्रीची खूण म्हणजे कपाटाखाली किंवा पलंगाखाली जमणारे खसखशीएवढे कोरडे दाणे. भिंगाखाली त्या दाण्यांना सहा बाजू दिसतात. ही तिची विष्ठा, आणि ती बारीक भोकातून बाहेर ढकलली जाते. दाणे पिठासारखे बारीक असतील, तर ते काम वाळवीचे नसून लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे असते. या वाळवीसाठी मातीत औषध मुरवण्याचा उपयोग नाही. लागण झालेल्या लाकडातच उपचार करावा लागतो किंवा ती वस्तू काढून टाकावी लागते. हिची नवी जोडी लाकडाच्या फटीतच संसार मांडते, त्यामुळे किनारपट्टीवर चौकटींच्या आणि फर्निचरच्या उघड्या फटी पुटीने बुजवून रंग लावणे खरोखर उपयोगी पडते.

आणि मुंगी निघाली तर

तिन्ही खुणांवरून मुंगी ठरली आणि ती दिव्यावर बाहेरून आली असेल, तर करण्यासारखे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी केर काढावा. मुंगी लाकूड खात नाही. कुजलेल्या, ओल्या लाकडात काही मुंग्या घर करतात खऱ्या, पण त्या लाकडाचा भुसा बाहेर टाकतात, गिळत नाहीत, आणि त्यांनी कोरलेल्या वाटा मातीने लिंपलेल्या नसून स्वच्छ असतात.

पंखवाल्या मुंग्या घरातूनच, म्हणजे फरशीच्या फटीतून, खिडकीच्या चौकटीतून किंवा ओट्याखालून निघाल्या, तर वारूळ जवळच आहे. त्यात घाबरण्यासारखे नाही, पण चौकशी करण्यासारखे आहे. फटीतून बारीक माती वर येत असेल, तर फरशीखाली पोकळी झालेली असू शकते; आणि लाकडातून भुसा येत असेल, तर ते लाकूड कशाने भिजते हे पाहावे. अशा ठिकाणी मुंगी बहुतेक वेळा गळतीची बातमी घेऊन आलेली असते. पंखवाल्या मुंग्या टिपण्यापेक्षा कामकरी मुंग्यांची रांग कुठे शिरते ते पाहून तिथे आमिषाचे जेल ठेवावे. त्या ते वारुळात नेतात. त्या रांगेवर फवारा मारला, की रांग मोडते आणि जेल कोणी नेत नाही, म्हणून दोन्ही एकदम करू नयेत.

बहिणीच्या घरी त्या वर्षी नळाचा सांधा बदलला, चौकटीचा खालचा भाग काढून तिथे नवे लाकूड जोडले, आणि न्हाणीघराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींलगत भोके पाडून औषध मुरवले. सगळ्या घराचे काम करावे लागले नाही. पुढच्या जूनमध्ये पहिल्या पावसाच्या संध्याकाळी तिने दिवाणखान्याच्या दिव्याखाली परात आणि न्हाणीघराच्या चौकटीखाली पांढरा कागद असे दोन्ही ठेवले. परातीत सकाळी पंचवीस मिलिमीटरचे पंख पुष्कळ होते. कागदावर एका पालीची लेंडी होती, पंख नव्हता. तो कागद ती अजून दर मृगाला त्याच जागी पसरते.